मला हवंय काय आणि भीती कशाची? पाच कार्डांचा टॅरो स्प्रेड

«एखादी गोष्ट मनापासून हवी असते आणि तिचीच भीती वाटते, अशा वेळी टॅरोमध्ये पाच कार्डांचा कुठला स्प्रेड लावावा? मी लावते तेव्हा भीतीच्या जागी आलेलं कार्ड म्हणजे पुढे तेच होणार असं मनात बसतं आणि मी आणखी घाबरते. शेवटच्या कार्डातून काय करायचं तेही धड कळत नाही.»

भीतीच्या जागी आलेलं कार्ड आत्ता मनात जे चालू आहे त्याचं चित्र असतं. या स्प्रेडमध्ये 'पुढे काय होईल' ही जागाच नाही. ती मुद्दाम ठेवलेली नाही, कारण ती असली की बाकीची चार कार्डं कुणी नीट बघत नाही, सगळ्यांचे डोळे निकालाकडे लागतात.

दहा कार्डांचा केल्टिक क्रॉस तुम्ही लावला असेल. त्यात नववी जागा 'आशा आणि भीती' अशी एकत्र असते. एकाच कार्डात दोन्ही वाचायचं म्हटल्यावर वाचणारा आपल्या त्या दिवशीच्या मूडप्रमाणे कुठलं तरी एक वाचतो आणि पुढे जातो. हा स्प्रेड म्हणजे ती एक जागा उलगडून पाच कार्डांत मांडणं.

मांडणी फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी. वरच्या ओळीत डावीकडे १, उजवीकडे २. खालच्या ओळीत १ च्या खाली ३, २ च्या खाली ४. मधोमध ५. कार्डं याच क्रमाने लावायची. वाचताना मात्र आधी डावा खांब, म्हणजे १ आणि ३, मग उजवा खांब, २ आणि ४, त्यानंतर खालची ओळ आडवी, ३ आणि ४, आणि सगळ्यांत शेवटी ५.

पहिली जागा तुम्ही तोंडाने जे म्हणता त्या इच्छेची. तिसरी त्या इच्छेखाली असलेल्या गरजेची, म्हणजे ती गोष्ट मिळाली तर आत नक्की काय भरून निघणार आहे. दुसरी जागा भीतीला मनात जे रूप आहे त्याची. चौथी जागा ही या स्प्रेडमधली सगळ्यांत कामाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: ती भीती तुमच्यासाठी काय सांभाळून ठेवते आहे. भीती कधीच फुकट बसून नसते, ती कशाची तरी राखण करत असते. ते 'काहीतरी' कळलं नाही तर माणूस भीतीशी नुसता भांडत राहतो. पाचवी जागा अशा पावलाची, जे तिसऱ्या जागेला थोडं तरी देतं आणि चौथ्या जागेची मोडतोड करत नाही. पाचव्या कार्डाची ही व्याख्या पक्की धरून ठेवा, पुढे ती लागणार आहे.

डेक रायडर-वेट-स्मिथ घ्या किंवा त्याच्यावरून काढलेला कुठलाही. १९०९ मध्ये तो लंडनला प्रसिद्ध झाला तेव्हा पामेला कोलमन स्मिथ यांनी मायनर अर्कानाच्या, म्हणजे कप, नाणी, तलवारी आणि काठ्या या चार गटांच्या कार्डांवरही माणसं आणि प्रसंग रंगवले होते. या स्प्रेडला तेच हवं असतं, कारण आपण कार्डातला माणूस काय करतोय, कुठे उभा आहे हे बघणार आहोत. मार्से डेकमध्ये मायनरच्या एक ते दहाच्या कार्डांवर नुसते कप, नाणी किंवा तलवारी रचलेल्या असतात. त्यावरही वाचता येतं, पण तिसरी आणि चौथी जागा फार अवघड जाते.

डेक हातात घेण्याआधी कागदावर दोन वाक्यं लिहा. पहिलं 'मला … हवं आहे' असं, दुसरं 'पण मला भीती वाटते की …' असं. दुसऱ्या वाक्यात 'की' च्या पुढे क्रियापद आलंच पाहिजे. 'मला अपयशाची भीती वाटते' एवढं लिहिलं तर त्यात चित्र काहीच नाही. 'मला भीती वाटते की सहा महिन्यांनी मला परत जुन्या जागी जाऊन काम मागावं लागेल' असं लिहिलं की भीतीला चेहरा येतो. आणि हे शफल करण्याआधीच लिहायचं. कार्ड बघितल्यावर लिहिलं तर वाक्य कार्डाला जुळवून लिहिलं जातं, आणि मग वाक्य आणि कार्ड यांच्यात फरक कुठे आहे ते कळण्याचा मार्गच बंद होतो. या स्प्रेडमध्ये खरी माहिती त्या फरकातच असते.

एका वेळी एकच विषय. 'नोकरी बदलायची आहे आणि लग्नाचंही बघायचं आहे' असं एकत्र नको. 'त्याने माझ्याशी परत बोलावं' अशी दुसऱ्याच्या वागण्याबद्दलची इच्छाही नको. तिला वळवून 'मला त्याच्याशी परत बोलायचं आहे' असं करा. जमत नसेल तर हा स्प्रेड त्या प्रश्नासाठी नाही.

उलटी कार्डं इथे घेऊ नका, सगळी सुलटी करून ठेवा. रिव्हर्सला माझा एरवी विरोध नाही. पण दुसरी आणि चौथी जागा आधीच कार्डाची सावली दाखवणाऱ्या जागा आहेत. त्यात कार्डही उलटं आलं की उलट्याचं उलटं करताना वाचणारा गोंधळतो आणि शेवटी त्याला जे सोयीचं वाटतं ते धरतो.

पाचही कार्डं एकदम उघडा. पहिली पाच मिनिटं अर्थ आठवू नका, पुस्तकही उघडू नका. प्रत्येक कार्डाखाली एक वाक्य लिहा, फक्त दिसतं तेवढं: कोण आहे, काय करतोय, कुणीकडे बघतोय. पुढे अर्थात अडकलात की या वाक्यांकडे परत यायचं असतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, भीतीच्या जागी आलेलं कार्ड. तिथे भयंकर कार्ड आलं तर खरं तर काम सोपं होतं. नाइन ऑफ स्वोर्ड्स आलं: पलंगावर उठून बसलेली, चेहरा हातांत लपवलेली आकृती, मागच्या काळ्या भिंतीवर नऊ तलवारी. नीट बघा, त्या तलवारींपैकी एकही तिला लागलेली नाही. तिच्या अंगावरच्या गोधडीवर तर गुलाब आहेत. रात्रीचे विचार हीच इथली भीती, एवढं ते कार्ड सांगून मोकळं होतं. डेथ किंवा टॉवर इथे आलं तर भीतीचा आकार केवढा आहे ते कळतं, घटना कळत नाही.

गोंधळ उडतो तो भीतीच्या जागी गोड कार्ड आल्यावर. सन आला, टेन ऑफ कप्स आलं, एम्प्रेस आली, तर लोक 'म्हणजे भीती नाहीच, सगळं छान होईल' असं म्हणून पुढे जातात. तसं करू नका. दुसऱ्या जागी आलेल्या सुंदर कार्डाचे तीन अर्थ तपासायचे असतात. एक, हे जे सुंदर आहे ते माझ्याकडे आत्ता आहे आणि ते जाईल अशी भीती. दोन, हे मला मिळेल अशीच भीती, कारण मिळाल्यावर ते पेलावं लागेल. सन कार्डातलं मूल उघडं, पांढऱ्या घोड्यावर, भर उजेडात बसलेलं आहे. ज्याला लोकांसमोर येण्याचीच धास्ती आहे त्याला या चित्रात आनंद दिसत नाही, उघडं पडणं दिसतं. तीन, हे चित्र माझ्यावर लादलेलं आहे आणि मला जन्मभर त्यात हसत उभं राहावं लागेल अशी भीती. तिन्हींपैकी कुठला अर्थ लागू आहे हे चौथं कार्ड आणि कागदावरचं दुसरं वाक्य ठरवतं. नुसत्या दुसऱ्या कार्डावरून ठरवू नका.

हेच उलट्या बाजूने पहिल्या जागी होतं. इच्छेच्या जागी टॉवर आला की वाचणारा दचकतो आणि 'तुमच्या इच्छेत धोका आहे' असं सांगून टाकतो. त्यापेक्षा विचारा: सगळं एकदाचं कोसळावं असं तुम्हाला वाटतंय का? पुष्कळदा उत्तर 'हो' असतं. निर्णय स्वतः घ्यावा लागू नये, परिस्थितीनेच घ्यावा, अशी ती इच्छा असते. ती लाजिरवाणी वाटते म्हणून कागदावर येत नाही, कार्डात येते.

कोर्ट कार्डांचाही एक नियम करून टाका, नाहीतर प्रत्येक वेळी 'ही व्यक्ती कोण' यात अर्धा तास जातो. १ आणि २ मध्ये पेज, नाइट, क्वीन किंवा किंग आलं तर ती खरी कुणी व्यक्ती असू शकते, आणि बहुतेक वेळा चेहरा लगेच डोळ्यांसमोर येतो. ३ आणि ४ मध्ये आलं तर ती नेहमी विचारणाऱ्याचीच एक बाजू. ५ मध्ये आलं तर ती काम करण्याची पद्धत.

एक उदाहरण शेवटपर्यंत वाचून दाखवतो, म्हणजे खांब आणि ओळ कशी चालते ते दिसेल. दोन बहिणी मिळून फर्निचर बनवण्याचं वर्कशॉप चालवतात. थोरली ऑर्डर्स, पैसे आणि ग्राहक बघते. धाकटी डिझाइन करते आणि बरंचसं काम स्वतःच्या हाताने करते. विचारणारी धाकटी आहे. कागदावर तिने लिहिलंय: 'मला माझं वेगळं काम सुरू करायचं आहे.' 'पण मला भीती वाटते की ताई दुखावेल आणि घर तुटेल.' कार्डं अशी येतात: १ फोर ऑफ स्वोर्ड्स, २ टेन ऑफ कप्स, ३ थ्री ऑफ पेंटॅकल्स, ४ सिक्स ऑफ पेंटॅकल्स, ५ पेज ऑफ स्वोर्ड्स.

डावा खांब आधी. कागदावर 'सुरू करायचं आहे' असं आहे आणि कार्डात एक योद्धा थडग्यावर हात जोडून आडवा पडलाय. इथे वाक्य आणि कार्ड भांडतायत, म्हणजे थांबण्याची जागा. तिला असं विचारायचं: वेगळं काम सुरू झालंय, पहिला सोमवार आहे, तर तुला काय दिसतं? तिने जर 'दार बंद आहे, फोन वाजत नाही, कुणी मध्येच येऊन बदल सांगत नाही' असं सांगितलं, तर तिच्या सांगण्यात धंदा कुठेच नाही, शांतता आहे. फोर ऑफ स्वोर्ड्सने तेच दाखवलं होतं.

पण एवढ्यावर थांबून 'तुला सुट्टीची गरज आहे' असं सांगणं चूक. खाली थ्री ऑफ पेंटॅकल्स आहे. त्यात कारागीर बाकावर चढून कमानीवर काम करतोय आणि समोर दोघं जण नकाशा घेऊन उभे आहेत, त्याच्याशी बोलतायत. दोन्ही कार्डं शेजारी धरली तर दिसतं की दोन्ही प्रसंग चर्चमधले आहेत. एकात माणूस आडवा पडलाय, दुसऱ्यात तोच काम करतोय असं वाटावं. म्हणजे तिला कामापासून पळायचं नाही. कुणीतरी नकाशा घेऊन थेट तिच्याकडे यावं, कारागीर म्हणून तिच्याशी बोलावं, ही गरज आहे. आत्ता ग्राहक ताईशी बोलतात आणि तिच्यापर्यंत फक्त दुरुस्त्या पोचतात. दार बंद करून एकटीने काम करत बसली तर शांतता मिळेल, पण ही गरज तशीच राहील. ही गोष्ट पहिल्या खांबातच कळली हे महत्त्वाचं, कारण अजून भीतीपर्यंत आपण पोचलोही नाही.

उजवा खांब. टेन ऑफ कप्स: आकाशात कपांचं इंद्रधनुष्य, पाठमोरं जोडपं हात उंचावून उभं, बाजूला दोन मुलं नाचतायत, लांबवर घर. गोड कार्ड भीतीच्या जागी, म्हणून तीन अर्थ तपासायचे. तिच्या वाक्यात 'घर तुटेल' आहे, तेव्हा पहिला अर्थ, असलेलं जाईल ही भीती, सरळ लागू होतो. तरी एक प्रश्न विचारायचा: या चित्रात तू कोण? ती मोठ्यांकडे बोट न दाखवता मुलांकडे दाखवते असं धरू. म्हणजे हे सुखाचं घर तिच्या मनात आहे, पण त्यात ती लहान आहे. वेगळं व्हायचं तर आधी लहान असणं सोडावं लागेल. घर तुटण्याच्या भीतीत ही दुसरी भीती मिसळलेली आहे.

चौथं कार्ड ते उघड करतं. सिक्स ऑफ पेंटॅकल्समध्ये श्रीमंत माणूस एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने नाणी देतोय आणि दोघं जण गुडघे टेकून हात पसरून आहेत. या जागी लोक 'दानधर्म, उदारता' हा पुस्तकी अर्थ घेतात आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. जागेचा प्रश्न विचारा: भीती काय सांभाळते आहे? ती देण्या-घेण्याची ही रचना सांभाळते. ताई देते, धाकटी घेते. यात धाकटीला अपमान वाटतो हे खरं, पण सोयही आहे. तराजू ताईच्या हातात असल्यामुळे तोटा झाला तर जबाब तिला द्यावा लागत नाही, ग्राहक पैसे बुडवून गेला तर पाठपुरावा तिला करावा लागत नाही. चौथ्या जागेवर अशी न सांगण्यासारखी सोय सापडली नाही तर वाचन अजून पुरं झालेलं नाही असं समजायला हरकत नाही. डेव्हिल इथे आला तर ती सोय फारच ठळक दिसते. त्या कार्डातल्या दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या इतक्या सैल आहेत की डोक्यावरून काढता येतील.

हे सांगताना आरोप करायचा नाही. 'तू आयतं खातेस' असा सूर लागला की समोरचा मिटतो. 'या व्यवस्थेत तुला कुठल्या कटकटी बघाव्या लागत नाहीत?' असं विचारलं की यादी ती स्वतःच देते.

आता खालची ओळ आडवी. दोन्ही पेंटॅकल्स. वर एक तलवारीचं आणि एक कपाचं होतं, म्हणजे वरवर बघता हे भांडण डोकं विरुद्ध माया असं दिसत होतं. तळाशी मात्र दोन्ही बाजूंना एकच सूट, म्हणजे कार्डांचा एकच गट आहे, काम आणि मोबदल्याचा. दोन्ही कार्डांत तीन-तीन माणसं आहेत. एकात हाताने काम करणारा वर चढलेला आहे आणि बाकीचे त्याच्याकडे मान वर करून बघतायत. दुसऱ्यात पैसे देणारा उभा आहे आणि बाकीचे खाली आहेत. तिची ओढाताण नेमकी इथे आहे: कामाने उंच व्हायचंय, पण हिशेबाचा तराजू हातात घ्यायचा नाही. ताईवरची माया खरी आहे, पण गाठ तिच्यात नाही. 'घर तुटेल' या भीतीवर कितीही समजूत घातली तरी ती जात नव्हती याचं कारण हेच.

खालच्या दोन कार्डांचा सूट दर वेळी एकच येईल असं नाही. तो आला नाही तर दोन्ही चित्रांतली समान गोष्ट शोधा: पाणी, भिंत, पाठमोरा माणूस, उंचीतला फरक. काहीच समान नसेल तर इच्छा आणि भीती वेगवेगळ्या विषयांबद्दल आहेत आणि कागदावर त्या चुकून एकत्र लिहिल्या गेल्यात, अशी शक्यता जास्त. तसं असेल तर वाचन तिथेच थांबवून दोन वाक्यं परत लिहिणं बरं.

पाचवं, पेज ऑफ स्वोर्ड्स. वाऱ्याचे ढग, उंचवट्यावर उभा तरुण, दोन्ही हातांनी तलवार धरलेली, नजर तलवारीच्या विरुद्ध बाजूला. 'तलवार आली, म्हणजे आज संध्याकाळी ताईला स्पष्ट सांगून टाक' असं वाचलं तर ते नाइट ऑफ स्वोर्ड्सचं वाचन झालं. नाइट घोडा भरधाव सोडतो. पेज हा शिकाऊ, तो आधी बघतो, विचारतो, माहिती गोळा करतो. म्हणून पाऊल असं: गेल्या वर्षभरात तिने डिझाइन केलेल्या वस्तूंचा वेगळा हिशेब ताईकडे मागायचा. किती विकल्या, किती मिळाले, माल किती लागला. आपले तास स्वतः लिहून शेजारी ठेवायचे. वेगळं होण्याचा विषय त्या बोलण्यात काढायचाच नाही.

आता या पावलाला सुरुवातीची व्याख्या लावून बघा. तिसऱ्या जागेला काही मिळतं का? मिळतं, तिचं काम वेगळं मोजलं जातं, नजरेत येतं. चौथ्या जागेची मोडतोड होते का? नाही, कुणी सोडून जात नाही, फक्त तराजू थोडा वेळ तिच्या हातात येतो आणि तो हातात धरून कसं वाटतं ते तिला कळतं. दोन्ही कसोट्यांना उतरलं, तेव्हा पाऊल बरोबर. हिशेब बघून ती वेगळी होईल, किंवा ग्राहकांशी बोलण्याचं काम मागून घेईल आणि तिथेच राहील. ते या पाच कार्डांत नाही.

शेवटच्या कार्डातून काय करायचं ते कळत नाही, याची कारणं माझ्या मते दोनच. एक, ते 'निकाल' म्हणून वाचलं जातं. दुसरं, तिथे मेजर अर्काना, म्हणजे सन किंवा टॉवरसारखं चार गटांबाहेरचं कार्ड येतं आणि 'संयम', 'परिवर्तन', 'नियती' असे शब्द हाती लागतात ज्यांचं मंगळवारी सकाळी काहीच करता येत नाही. मेजर आलं तर चित्रातला माणूस हाताने काय करतोय तेवढंच घ्या. टेम्परन्समधला देवदूत एका पेल्यातून दुसऱ्यात थोडं थोडं ओततोय, एक पाय पाण्यात आणि एक जमिनीवर ठेवून. याचं पाऊल म्हणजे जुनं न सोडता नव्याचा छोटासा भाग सुरू करून बघणं. स्ट्रेंग्थमधली स्त्री सिंहाच्या जबड्यावर हात ठेवते, ओढत नाही. भीती ज्याची वाटते त्याच्याजवळ जायचं, पण हळू आवाजात. हँग्ड मॅन आला तर थांबायचं, मात्र किती दिवस ते तारीख घालून. व्हील ऑफ फॉर्च्युनमध्ये मात्र हाताने काही करणारं कुणी नाही. ते आलं तर एवढंच समजा की आत्ता बाहेरून काहीतरी ठरायचं बाकी आहे. ते काय, हे लिहून ठेवा आणि ठरेपर्यंत पाऊल टाकू नका.

पाचांत तीन-चार मेजर आली म्हणून हबकूनही जाऊ नका. ७८ पैकी २२ मेजर असतात. नीट शफल केलेल्या डेकमधून पाच काढली तर तीन किंवा त्याहून जास्त मेजर येण्याची शक्यता साधारण १३ टक्के आहे, म्हणजे सरासरी सात-आठ वाचनांत एकदा हे होतंच. तसं झालं तर प्रश्न फार मोठा लिहिला गेलाय का, एवढं तपासा.

स्पष्टीकरणासाठी सहावं कार्ड काढण्याची सवय इथे नडते. भीतीचं कार्ड आवडलं नाही म्हणून आणखी एक, ते कळलं नाही म्हणून आणखी एक, असं करत टेबलावर बारा कार्डं जमतात आणि त्यातलं सर्वांत मऊ कार्ड खरं मानलं जातं. अडलात तर नवं कार्ड न काढता सुरुवातीला लिहिलेलं 'दिसतं तेवढं' वाक्य मोठ्याने वाचा. त्याच दिवशी तोच प्रश्न परत लावणं हाही तोच प्रकार.

आणखी एक बिघाड ओळखायला शिका: इच्छा दुसऱ्याची असणं. खूण अशी की पहिलं वाक्य बोलताना 'हवं आहे' च्या जागी 'करायलाच पाहिजे' येतं, आणि तिसऱ्या कार्डावर कितीही बोललं तरी विचारणाऱ्याच्या आवाजात फरक पडत नाही. तिथे हायरोफंट, एम्परर किंवा टेन ऑफ पेंटॅकल्ससारखं घराण्याचं, परंपरेचं कार्ड असेल तर सरळ विचारा, 'हे कुणाला हवं आहे?' उत्तरात दुसऱ्याचं नाव आलं तर हा स्प्रेड बंद करा. ज्याची ती इच्छाच नाही त्याच्या भीतीशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

काही भीतींसाठी हा स्प्रेड काढूच नये. घरात मारहाण होते आणि निघून जायची भीती वाटते, शरीरात काही लक्षण दिसतंय आणि तपासणीची भीती वाटते, कुणी कागदावर सही मागतोय आणि फसवणुकीची शंका येते, अशा वेळी भीती ही बातमी असते. तिचा खालचा अर्थ शोधत न बसता डॉक्टर, वकील किंवा विश्वासाचं माणूस गाठायचं. भीतीमुळे आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल तरीही तेच.

वाचन झालं की मांडणीचा फोटो काढा आणि पाचव्या कार्डाखाली पाऊल तारखेसकट लिहा. पाऊल टाकून झालं की सगळा स्प्रेड नव्याने लावायची गरज नसते. फोटोवरून १ ते ४ तीच कार्डं तशीच मांडा, जुनं पाचवं डेकमध्ये परत घाला, शफल करा आणि फक्त मधल्या जागेचं नवं कार्ड काढा. त्याआधी कागदावरची दोन वाक्यं परत वाचून बघा. त्यातलं एखादं आता खोटं वाटत असेल, तर मात्र पाचही कार्डं उचला आणि दोन वाक्यांपासून सुरुवात करा.